वजाबाकीची बेरीज करणारी जोडी

25 चौरस मीटरचा चौरस वाफा घ्या. त्याची बाजू 5 मीटर. क्षेत्रफळ 1 चौरस मीटरने वाढवलं, तर बाजू √26, म्हणजे सुमारे 5.099 मीटर होते. वाढ जेमतेम 9.9 सेंटीमीटरची. मग क्षेत्रफळ अगदी किंचित वाढवलं, तर बाजू कोणत्या दराने वाढेल? √x चं विकलन म्हणजे हाच दर काढणं.

वाढीला h म्हणू. बाजूतली वाढ भागिले h, म्हणजे

(√(x+h) − √x) / h

आता h शून्याकडे न्यायचा. पण थेट शून्य ठेवला की वर शून्य, खाली शून्य. त्यातून काहीच कळत नाही. इथे बरेच विद्यार्थी √(x+h) चे √x + √h असे तुकडे करतात. ते चुकीचं आहे, हे एका उदाहरणात दिसतं: √(9+16) म्हणजे 5, 3 आणि 4 मिळून मात्र 7 होतात.

सुटकेची वाट नववीच्या पुस्तकातच आहे. करणींच्या धड्यात छेदाचं परिमेयीकरण करताना अनुबद्ध जोडी वापरतात: √a − √b ची जोडीदार √a + √b. दोघींचा गुणाकार a − b, वर्गमूळ गायब! इथे त्रास अंशात आहे, एवढाच फरक. म्हणून अंश आणि छेद दोन्हींना √(x+h) + √x ने गुणायचं. अंशात (x+h) − x, म्हणजे फक्त h उरतो. छेदात h(√(x+h) + √x) असतं. छेदातला कंस मात्र सोडवायचा नाही, नाहीतर समोर आलेला h पुन्हा हरवतो. h शून्याच्या जवळ असला तरी शून्य नाही, म्हणून तो वरखाली छाटता येतो:

1 / (√(x+h) + √x)

आता h शून्याकडे नेला की उत्तर 1/(2√x). x = 25 ला ते 0.1 येतं, म्हणजे चौरस मीटरला 10 सेंटीमीटर. वाफ्यात 9.9 दिसले होते, कारण तिथली वाढ पूर्ण 1 होती.

या गुणाकाराने जवळजवळ सारख्या दोन संख्यांच्या वजाबाकीची बेरीज झाली, हे त्यातलं खरं सौंदर्य. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ते पडताळता येतं. x = 2 आणि h = 0.0000001 घ्या. √2.0000001 आणि √2 पडद्यावर अगदी एकसारखे दिसतात. वजाबाकी शून्य, दरही शून्य. त्याच दोन आकड्यांची बेरीज करून 1 ला तिने भागा: 0.35355 मिळतात, आणि हे उत्तर बरोबर आहे.

x = 0 ला मात्र ही युक्तीही दर देऊ शकत नाही. तिथे 1/√h उरतं आणि h लहान होईल तसं ते वाढतच जातं. वाफा शून्यातून सुरू झाला, तर पहिल्या एका चौरस सेंटीमीटरलाच बाजू 1 सेंटीमीटर होते. म्हणजे चौरस मीटरला 100 मीटर हा दर. आणि त्याहून लहान तुकडा घेतला तर याहूनही मोठा.