वलणीची तार ताणू नका, खिळा वर न्या

वाशीसारख्या गावात घर दोन खोल्यांचे असो की चार, अंगणात वलणी असतेच. एका बाजूला भिंतीतला खिळा, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडचा खांब किंवा लिंबाचे झाड आणि मध्ये तार. धुणे पडले की तार मधोमध वाकते, लुगड्याचे काठ मातीला लागतात आणि घरातून हुकूम सुटतो, "तार सैल झालीय, जरा ताणून घे!" मग घरातला धडधाकट माणूस पाय रोवून तार ओढतो आणि पीळ देऊन पक्की करतो. चार दिवसांनी तोच खिळा भिंतीच्या ढेकळासकट खाली येतो आणि धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात.

दोष खिळ्याला दिला जातो. "आजकालचे खिळेच कच्चे" असेही म्हटले जाते. पण खिळा बिचारा ज्या ओझ्याला हरला, ते ओझे कपड्यांचे नव्हतेच. ते आपण तार ताणून निर्माण केलेले होते. कसे, ते एका शर्टाच्या हिशोबाने पाहू.

एका शर्टाचा हिशोब

समजा, दोन खिळ्यांमध्ये बारा फूट अंतर आहे. बरोबर मध्यावर जाड खाकी शर्ट न पिळता टाकला. पाणी ठिबकत असलेला असा शर्ट सहज एक किलो भरतो. हा एक किलो वर धरून ठेवायचा आहे आणि तो धरणारी तारेची दोन अंगे आहेत. म्हणजे प्रत्येक अंगाने अर्धा किलो वर उचलायचा.

इथेच खरी मेख आहे. तारेला सरळ वर उचलता येत नाही. तार ओढते ती फक्त स्वतःच्या दिशेने, म्हणजे शर्टापासून खिळ्याकडे. ही दिशा बरीचशी आडवी आणि थोडीशी वर असते. शर्टाला उपयोग होतो तो त्या थोड्याशा 'वर'चा. बाकीची आडवी ओढ दोन्ही खिळ्यांना एकमेकांकडे खेचण्यात जाते.

शर्टाजवळ तार एक फूट खाली आली असेल, तर खिळ्यापासून शर्टापर्यंत सहा फूट आडवे आणि एक फूट खाली असा उतार झाला. सहा वाटे आडवे, तेव्हा एक वाटा वर. अर्धा किलो वर हवा, तर त्याच्या सहापट, म्हणजे सुमारे तीन किलोची ओढ तारेत हवी. एवढी ओढ कोणताही खिळा सोसेल.

आता तार ताणून झोळ सहा इंचांवर आणला. बारा वाट्यांत एक वाटा वर. ओढ झाली सहा किलो. तीन इंच झोळ ठेवला तर बारा किलो. एकच इंच ठेवला तर छत्तीस किलो! आणि अर्ध्या इंचाला बहात्तर किलो, म्हणजे एक मोठा माणूस तारेला लोंबकळावा तितकी ओढ. शर्ट तोच, एक किलोचा.

झोळ निम्मा केला की ओढ दुप्पट होते, हे ध्यानात ठेवले तरी पुरे. आणि तार अगदी सरळ, शून्य झोळाची करायची म्हटले तर? मग तारेत 'वर' असा वाटाच उरत नाही. कितीही ओढा, शर्ट धरला जाणार नाही. म्हणून ओझे असलेली तार कधीच पूर्ण सरळ होत नाही. ती आधी खिळा उपटते किंवा स्वतः तुटते.

हे घरात मुलांना करून दाखवता येईल. सुतळीच्या मधोमध एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधा आणि दोघांना दोन टोके धरून सुतळी सरळ करायला सांगा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सुरुवातीला बाटली सहज वर येईल, पण शेवटची दोन-तीन बोटे हात थरथरतील तरी जाणार नाहीत. मात्र सुतळी मजबूत घ्या आणि बाटलीखाली पाय ठेवू नका.

अर्ध्या इंचाची किमया

आता उलट बाजूने पाहा. सहा इंच झोळ येण्यासाठी तार किती जास्त लागते? बारा फुटांवर फक्त अर्धा इंच! एक फूट झोळाला दोन इंच. म्हणजे ताठ तारेची गाठ उकलून अर्धा इंच तार सोडली, की छत्तीस किलोची ओढ सहा किलोवर येते. तसेच, "जराशीच तर ओढली" म्हणून तो अर्धा इंच खेचून घेतला, की भिंतीवरचा भार कित्येक पटीने चढतो.

नायलॉनची दोरी ओझ्याने स्वतःच लांबते, आपोआप झोळ देते आणि खिळ्याला वाचवते. लोखंडी तार फारच थोडी लांबते. म्हणून ताण देण्याची चूक लोखंडी तारेला अधिक महाग पडते.

पूर्ण धुणे पडले तर

वलणीवर एकच शर्ट कुठे असतो? लुगडी, चादर, पोरांचे कपडे मिळून ओले धुणे दहा किलो होते. ते तारभर सारखे पसरले तर त्याच वजनाच्या मध्यावरच्या गठ्ठ्यापेक्षा ओढ निम्मीच पडते. सहा इंच झोळाला पसरलेल्या दहा किलोंची ओढ तीस किलो, तर सगळे मध्यावर कोंबले तर साठ. म्हणून चादर-गोधडीसारखे जड कपडे मधोमध नको. ते खिळ्यांच्या जवळ टाका आणि हलके कपडे मध्ये.

खिळ्याचा स्वभावही लक्षात घ्यावा. भिंतीत ठोकलेला खिळा खाली लोंबणारे वजन बऱ्यापैकी पेलतो. वलणीची तार मात्र त्याला सरळ बाहेर खेचते, आणि दगड-मातीच्या भिंतीत खिळ्याची पकड त्या दिशेला सर्वांत कमी असते. शक्य असेल तिथे तार लाकडी मेढीला किंवा पक्क्या खांबाला वेढा देऊन बांधावी.

मग कपडे जमिनीला लागतात, त्याचे काय?

उपाय दोन आहेत. पहिला, तार न ताणता दोन्ही खिळे फूटभर वर न्या. झोळ तसाच राहू द्या. दुसरा, आपल्या आयांनी नेहमी केला तो. दोन बेचक्यांची काठी मध्यावर तारेखाली टेकवा. मग वजन काठीतून थेट जमिनीत जाते आणि खिळ्यांची बरीच सुटका होते. काठी मात्र कपडे टाकल्यावर हलकेच लावावी. जोराने उभी ठोकून लावली तर तीच तार ताणते.

धोका कसा ओळखावा?

रिकामी तार पट्टीसारखी सरळ दिसत असेल आणि बोटाने छेडल्यावर टणकार देत असेल, तर ती जादा ताणलेली आहे. खिळ्याभोवती गिलाव्याला चीर, खाली सांडलेली मातीची भुकटी, आत झुकलेला खांब किंवा उघडलेला हूक दिसला, तर कपडे टाकण्याआधी तार सैल करा. ताठ लोखंडी तार तुटली की चाबकासारखी उसळते आणि डोळ्याला लागू शकते. अशा तारेखाली मुलांना खेळू देऊ नये. विजेच्या खांबाला तर वलणी कधीच बांधू नये. धातूची तार ओढ वाहते तसा करंटही वाहते.

चौदा एप्रिलला गल्लीत आडव्या बांधलेल्या पताकांच्या दोरीलाही हाच हिशोब लागू आहे. ती सरळ दिसावी म्हणून ताणू नका. बारा फुटांना सहा इंच, चोवीस फुटांना एक फूट झोळ ठेवा. झोळ म्हणजे ढिलाई नव्हे. दोरीला वजन उचलायला लागणारी ती जागा आहे.