‘मराठी टायपिंग करून मिळेल’च्या पुढे

घरबसल्या काम मिळवून देणाऱ्या संकेतस्थळांवर मराठी टायपिंग असा शोध घेतला, की एकाच साच्यातून काढल्यासारखे परिचय समोर येतात. ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि वेळेची शिस्त पाळणारी आहे. मला संगणकाचं उत्तम ज्ञान आहे. टायपिंग, डेटा एन्ट्री, अनुवाद, लोगो आणि इतर सर्व कामं माफक दरात करून मिळतील. चोवीस तास उपलब्ध. एक संधी द्या.’ असा मजकूर लिहिणारी बाई खरोखर मेहनती असते, यात शंका नाही. पण एका संशोधकाकडे चाळीस मुलाखतींचं ध्वनिमुद्रण पडून आहे आणि त्याला ते कागदावर उतरवून हवं आहे. यातलं कुठलं वाक्य त्याच्या उपयोगाचं? एकही नाही.

‘माझ्याविषयी’ या रकान्यात जागा तशी पुष्कळ असते. अपवर्कवर तिथे ५,००० अक्षरं मावतात, लिंक्डइनवर २,६००. पण ग्राहक शोध घेतो तेव्हा त्याला पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात आणि बाकीचं वाचायला बटण दाबावं लागतं. त्या ओळी ‘नमस्कार, मी अमुक, मला वाचनाची आवड आहे’ यात गेल्या, तर पुढचं कोण उघडणार? तिथे काम यायला हवं: काय टाइप करते, कशावरून, आणि कोणत्या स्वरूपात देते.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गृहिणीला असा परिचय लिहायचा आहे. लग्नाआधी तिने टायपिंगची ३० शब्दांची सरकारी परीक्षा दिली होती. मधली काही वर्षं घरात गेली. आता मुलं शाळेत जातात, घरात एक लॅपटॉप आहे आणि अकरा ते तीन हा वेळ तिचा आहे. अनुभवाच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नाही, असं तिला वाटतं. असतं मात्र बरंच.

सुरुवात त्या परीक्षेपासूनच करू. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते ती मराठी टंकलेखनाची परीक्षा मिनिटाला ३० आणि ४० शब्द अशा टप्प्यांची असते. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी पदासाठी मराठीचा ३० शब्दांचा वेग मागतात. हे प्रमाणपत्र जुनं झालं म्हणून लपवण्यात अर्थ नाही. फक्त आजचा वेग एकदा घड्याळ लावून तपासावा आणि तोच लिहावा.

आणि याच आकड्यातून तिला आपली मुदतही काढता येते, जी बहुतेक परिचयांत हवेत सोडलेली असते. माणूस निवांत बोलतो तेव्हा मिनिटाला साधारण १२० शब्द बोलतो असं धरलं, तर तासाभराच्या मुलाखतीत ७,२०० शब्द होतात. मिनिटाला ३० शब्दांनी न थांबता टाइप केलं तरी त्याला चार तास लागतात. ऐकून टाइप करताना कोणी न थांबता करत नाही. ध्वनिमुद्रण मागे न्यायचं, एखादं गावाचं नाव शोधायचं, शेवटी पूर्ण मजकूर कानाशी ताडून पाहायचा, यात आणखी दोन-तीन तास सहज जातात. म्हणजे एका वक्त्याच्या, स्वच्छ आवाजातल्या एका तासाला सहा-सात तास. रोज चार तास मिळत असतील तर दोन दिवस झाले. वीज जाणं आणि पाहुणे येणं हिशोबात धरून तिने तीन दिवस लिहावेत. चारजणांची चर्चा असेल, मागे पंखा घरघरत असेल, तर हा हिशोब कोलमडतो. म्हणून मुदतीसोबत ‘एक वक्ता, स्पष्ट आवाज’ ही अट आलीच पाहिजे. चोवीस तास उपलब्ध असण्यापेक्षा तीन दिवसांत नक्की देणारी बाई ग्राहकाला जास्त उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न फॉन्टचा. इथे मराठीतलं टायपिंग इंग्रजीहून वेगळं पडतं आणि जाणकार ग्राहक पहिली चौकशी याचीच करतो. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरं. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर `ejkBh` असा दिसतो आणि ‘किती’चं होतं `fdrh`. या दुसऱ्या शब्दात पहिली वेलांटी, म्हणजे f, ‘क’च्या आधी आली आहे. जुन्या टाइपरायटरच्या सवयीने ती आधीच दाबली जाते. युनिकोडमध्ये ती ‘क’नंतर साठवली जाते. त्यामुळे जुनी फाइल परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणली, की वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे होण्याचा धोका असतो आणि ‘गिऱ्हाईक’चं ‘गिर्हाईक’ होतं. अशी फाइल डोळ्यांखालून न घालता पाठवली, तर मराठी जाणणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं.

क्लासात रेमिंग्टन कळफलक शिकलेल्या अनेकींना वाटतं, की युनिकोडसाठी आता इन्स्क्रिप्ट नव्याने शिकावा लागेल. तसं नाही. कळफलक म्हणजे बोटांची सवय, युनिकोड म्हणजे अक्षर साठवण्याची पद्धत. रेमिंग्टनच्याच मांडणीने युनिकोड टाइप करता येईल अशी साधनं मिळतात. ग्राहकाला कळफलकाशी देणंघेणं नसतं, त्याला फाइल युनिकोडमध्ये हवी असते. पण पेजमेकरवर जुनं काम करणारा एखादा मुद्रक श्रीलिपीच मागेल. दोन्ही येत असेल तर दोन्ही लिहावं. एकच येत असेल तर ते एकच, स्पष्टपणे.

तिसरी गोष्ट नमुना. ती नव्या परिचयात अनुभवाची जागा घेते. नमुन्यासाठी कोणाचं कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण उचलू नये. घरातल्या आजींना विचारून, त्यांच्या परवानगीने, तीन मिनिटं बोलतं करावं. समजा त्या १९७२च्या दुष्काळाबद्दल बोलल्या: ‘तवा काय झालं, म्हंजी… बहात्तर साली, न्हाई का, आमी, म्हंजी मी न् माजी सासू, खडी फोडाया जायचो. सुकडी मिळायची तितं.’ हे जसंच्या तसं उतरवलं तर ते शब्दशः लेखन झालं. ‘बहात्तर साली मी आणि माझी सासू खडी फोडायला जायचो. तिथे सुकडी मिळायची’ हे साफ केलेलं लेखन. बोलीचा अभ्यास करणाऱ्याला पहिलं हवं असतं, वृत्तपत्राला दुसरं. एकाच तुकड्याचे दोन्ही नमुने शेजारी ठेवले, की हिला यातला फरक कळतो, हे ग्राहकाला आपोआप समजतं. आणि ‘सुकडी’ ऐकून ती ‘सुपारी’ लिहिणार नाही, हेही. त्या भागातली बोली कानावर असणं ही तिची खरी जमेची बाजू आहे. शहरातल्या वेगवान टायपिस्टला ते २० शब्द पुन्हापुन्हा ऐकावे लागतील.

नमुन्यात एखादी जागा ऐकू आली नसेल तर तिथे अंदाजाचा शब्द न घालता ‘[अस्पष्ट ०२:१४]’ अशी खूण ठेवावी. त्यामुळे नमुना अर्धवट दिसेल, अशी भीती वाटते. उलट, मुलाखती घेणारे लोक अशाच खुणा शोधतात. सगळं गुळगुळीत आलं की त्यांना संशय येतो.

गृहिणी असल्याचा उल्लेख करावा का, यावर मतं दोन आहेत. लपवायचं कारण नाही, पण पहिल्या ओळीत सांगायचंही कारण नाही. ‘घर सांभाळून फावल्या वेळात’ असं लिहिलं की ग्राहक मनात दर कमी करतो. तेच ‘सोमवार ते शनिवार, ११ ते ३’ असं लिहिलं की ते कामाचे तास होतात. मधल्या वर्षांबद्दल खुलासा कोणी मागितलेला नसतो. ‘एक संधी द्या’ तर काढूनच टाकावं.

एवढं जमल्यावर मजकूर असा होईल:

‘मराठी मुलाखती व भाषणे ऐकून, तसेच हस्तलिखिते वाचून, मी युनिकोडमध्ये टाइप करून वर्ड फाइल देते. एका वक्त्याचे एक तासाचे स्पष्ट ध्वनिमुद्रण तीन दिवसांत; हस्तलिखिताची दहा पाने एका दिवसात. मजकूर शब्दशः किंवा साफ केलेला, हवा तसा. वक्त्यांची नावे व वेळेच्या नोंदींसह. सातारा भागातली ग्रामीण बोली मला नीट समजते. न कळलेला शब्द अंदाजाने न लिहिता वेळेसह अस्पष्ट अशी खूण करते. मराठी टंकलेखन ३० शब्द प्रतिमिनिट, शासकीय परीक्षा उत्तीर्ण. तीन मिनिटांचा नमुना जोडला आहे. सोमवार ते शनिवार, सकाळी ११ ते दुपारी ३ काम करते.’

यात मेहनती, प्रामाणिक, तत्पर यातला एकही शब्द नाही. दरही नाही, कारण त्याचा रकाना वेगळा असतो. गोपनीयतेचं वाक्यही मुद्दाम टाळलं आहे. घरचा लॅपटॉप मुलंही वापरत असतील, तर आधी स्वतःचं खातं आणि पासवर्ड वेगळा करावा, काम संपल्यावर ध्वनिफीत पुसायची सवय लावावी, आणि मगच ते लिहावं. परदेशातून मराठी ट्रान्सक्रिप्शनचं काम देणाऱ्या संस्था परिचय इंग्रजीतून वाचतात. त्यांच्यासाठी हाच मजकूर तितक्याच साध्या इंग्रजीत ठेवावा, मात्र नमुना मराठीतच.

मोबाइल क्रमांक या मजकुरात टाकू नये. अपवर्क आणि फायवरवर परिचयात संपर्काचा तपशील देणं नियमांत बसत नाही, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे फसवणूक. ‘टायपिंगचं काम देतो, आधी नोंदणी शुल्क भरा, अचूकता कमी पडली तर दंड’ असे निरोप नव्या परिचयाला हमखास येतात. पैसे भरले आणि काम दिलं, की चुका काढून वकिलाच्या नावाने खोटी नोटीस पाठवतात आणि घाबरलेल्या बाईकडून आणखी पैसे उकळतात. अशी नोटीस आली तर पैसे भरू नयेत. निरोप, पावत्या आणि क्रमांक जपून ठेवावेत आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर फोन लगेच करावा. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी ती गोठवता आली, तरच परत मिळण्याची शक्यता राहते.