धंद्यातला तोटा वाया घालवू नका

आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतात, "या वर्षी धंद्यात खोट आली, मग कर कसला? म्हणून विवरणपत्र भरलंच नाही." कर लागत नाही हे खरंच असतं. पण विवरणपत्र न भरल्यामुळे पुढच्या वर्षांत वाचणारा कर हातचा जातो. तो कसा, हे आज आपण एका उदाहरणातून पाहू.

समजा, एक ताई शाळेत नोकरी करतात. महिन्याला वीस हजार, म्हणजे वर्षाला 2,40,000 रुपये पगार. जोडीला घरचा मसाल्यांचा धंदा आहे. 2022-23 या आर्थिक वर्षात त्यांना धंद्यात घसारा सोडून 4,00,000 रुपयांचा तोटा झाला. बँकेतल्या ठेवीवर 50,000 रुपये व्याज मिळालं.

पहिली पायरी त्याच वर्षाची. धंद्याचा तोटा त्याच वर्षीच्या व्याजातून, घरभाड्यातून वजा करता येतो, पगारातून मात्र नाही. म्हणून ताईंच्या 50,000 रुपये व्याजासमोर तेवढा तोटा वळता झाला आणि 3,50,000 रुपये उरले. ही रक्कम पुढच्या वर्षात नेता येते.

दुसरी पायरी पुढच्या वर्षांची, आणि इथे नियम आवळतो. मागून आणलेला तोटा फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वजा होतो, व्याजातून आता होत नाही. 2023-24 मध्ये ताईंना 90,000 रुपये नफा झाला, तो तोट्याने खाल्ला आणि 2,60,000 रुपये शिल्लक राहिले. त्या वर्षी ताईंना तसाही कर लागला नसता. मग "तोटा राखून ठेवू, मोठ्या नफ्याच्या वर्षी वापरू" असं करता येतं का? नाही. नफा झाला की तोटा आधी त्यातूनच वजा करावा लागतो.

2024-25 मध्ये ताईंनी मसाले बंद केले आणि डब्यांचा धंदा सुरू केला. एका कारखान्याचं काम मिळालं आणि 6,20,000 रुपये नफा झाला. जुना धंदा बंद पडला तरी त्याचा तोटा नव्या धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. आता हिशेब पाहा. पगारातून 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 1,65,000 राहिले, व्याज 50,000, नफा 6,20,000. एकूण 8,35,000 रुपये. नव्या करपद्धतीत यावर उपकरासह 34,840 रुपये कर आला असता. पण 2,60,000 चा जुना तोटा वजा होऊन उत्पन्न 5,75,000 वर आलं. त्या वर्षी सात लाखांपर्यंत सूट होती, म्हणून कर शून्य. 34,840 रुपये वाचले ते 2023 साली वेळेत भरलेल्या एका विवरणपत्रामुळे.

ती वेळ नेमकी कोणती? ज्या वर्षी तोटा झाला, त्या वर्षीचं विवरणपत्र ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत भरलेलं हवं. ताईंच्या बाबतीत ती तारीख 31 जुलै 2023 होती. तारीख कधी कधी बदलते, त्यामुळे दरवर्षी ती विचारून घ्यावी. त्यानंतर डिसेंबरपर्यंत उशिराचं विवरणपत्र भरता येतं, पण तोटा पुढे नेण्याचा हक्क त्याने मिळत नाही. आणखी एक खाच आहे. विवरणपत्र भरल्यावर 30 दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, आधारच्या ओटीपीने ती घरबसल्या होते. ती राहिली आणि नंतर केली, तर विवरणपत्र पडताळणीच्या दिवशी भरलं असं धरतात. म्हणजे जुलैत भरलेलं विवरणपत्रही उशिराचं ठरू शकतं आणि तोटा जातो.

मुदत आठ आकारणी वर्षांची आहे. तोट्याच्या वर्षाच्या पुढच्या वर्षापासून ती मोजायची. 2022-23 चा तोटा 2030-31 च्या नफ्यापर्यंत चालतो, त्यानंतर उरेल तो बुडतो. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, त्यात 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' हा शब्द आला, पण आठ वर्षांची मुदत तशीच आहे. मिक्सर, गिरणी, शिलाई मशीन यांचा न वजा झालेला घसारा मात्र वेगळा. त्याला आठ वर्षांची मर्यादा नाही आणि विवरणपत्राला उशीर झाला म्हणून तो बुडतही नाही. म्हणून घसारा आणि तोटा हे दोन आकडे हिशेबात वेगळे लिहून घ्यावेत.

आता भांडवली तोटा, म्हणजे शेअर, म्युच्युअल फंड, सोनं, जमीन विकून आलेला. हा पगारातून, व्याजातून, धंद्यातून कशातूनच वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. त्यातही भेद आहे. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घमुदतीचा मात्र फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून.

समजा, दुसऱ्या एका ताईंनी 2023-24 मध्ये घेतलेले शेअर दहा महिन्यांतच विकले आणि 60,000 रुपये तोटा झाला. बारा महिन्यांच्या आत विकले म्हणून हा अल्पमुदतीचा. 2025-26 मध्ये त्यांनी आईकडून मिळालेल्या जुन्या बांगड्या विकल्या, 1,40,000 रुपये दीर्घमुदतीचा नफा झाला. तोटा वजा जाऊन कर 80,000 वरच. उलट त्यांचा तोटा तीन वर्षं ठेवलेल्या शेअरवर असता आणि नफा सहा महिन्यांत विकलेल्या शेअरवर, तर एक रुपयाही वजा झाला नसता. इथेही मुदत आठ वर्षांचीच आणि वेळेत विवरणपत्राची अटही तीच. मोबाइलवर सकाळी घेऊन दुपारी विकलेल्या शेअरचा तोटा मात्र सट्ट्याचा धरतात. तो फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून जातो आणि चारच वर्षं टिकतो.

तोटा ज्याचा, त्याच्याच नावावर राहतो. धंदा सुनेच्या नावावर केला तर सासूबाईंचा तोटा सुनेला मिळत नाही. वारसाने धंदा आला तर गोष्ट वेगळी. तसंच आयटीआर-4 भरून ठोक टक्क्याने नफा दाखवणाऱ्यांना त्या धंद्याचा तोटा दाखवता येत नाही. तोटा दाखवायचा तर वहीखातं ठेवून आयटीआर-3 भरावा लागतो. मागचा तोटा वजा करायच्या वर्षीही आयटीआर-3 च लागतो.

शेवटी, तोटा खरोखर पुढे गेला हे कसं ओळखायचं? भरलेल्या विवरणपत्रात Schedule CFL नावाचा तक्ता असतो. त्यात वर्षनिहाय उरलेला तोटा दिसतो. विवरणपत्र तुमच्यासाठी दुसऱ्या कुणी भरलं असेल तर हे पान त्यांच्याकडून मागून घ्या. प्राप्तिकर खात्याकडून येणाऱ्या सूचनापत्रातला आकडा त्याच्याशी ताडून पाहा. आकडा जुळला नाही तर लगेच विचारा, आठव्या वर्षी नाही.