पीककर्ज, ३१ मार्च आणि बुडालेला हंगाम

पीककर्ज हे एका हंगामाचे कर्ज आहे. मृगाआधी बी-खतासाठी उचलायचे आणि माल विकल्यावर फेडायचे, अशी त्याची रचना. ते किती मिळेल, हे शेतकऱ्याच्या मागणीपेक्षा सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर आणि पिकाच्या कर्जदरावर ठरते. एकरी किंवा हेक्टरी कोणत्या पिकाला किती रक्कम, हे दर जिल्ह्यात एक तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. गावातली विविध कार्यकारी सेवा सोसायटी हे कर्ज वाटते, तिला जिल्हा मध्यवर्ती बँक पैसा पुरवते. किंवा शेतकरी थेट राष्ट्रीयीकृत बँकेतून किसान क्रेडिट कार्डावर ते घेतो.

खरिपाच्या कर्जाची परतफेड साधारणपणे ३१ मार्चपर्यंत आणि रब्बीची ३० जूनपर्यंत करायची असते. या तारखेला महत्त्व येते ते व्याजामुळे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाचा दर एरवी सहा-सात टक्के असतो. वेळेत फेडले तर केंद्राची तीन टक्क्यांची सवलत मिळते आणि उरलेला भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते, म्हणजे शेतकऱ्याला व्याज शून्य पडते. तारीख चुकली की ही सवलत जाते आणि खाते थकीत होते. थकीत खात्यावर सोसायटी पुढच्या हंगामाचे कर्ज देत नाही. हीच खरी भीती असते, आणि सावकार याच भीतीवर जगतो.

मार्चअखेर गावोगावी चालणारे ‘नवं-जुनं’ यातूनच आले. जुने कर्ज भरायचे, खाते निरंक करायचे आणि काही दिवसांत नवे कर्ज उचलायचे. पीक चांगले आले असेल तर यात काहीच वावगे नाही. पण पीक बुडालेल्या वर्षी भरायला पैसा नसतो. मग कुणाकडून तरी हातउसने किंवा व्याजी आणून सोसायटी भरली जाते आणि नवे कर्ज हातात पडताच ते सगळे त्या माणसाला परत जाते. कागदावर शेतकरी नियमित दिसतो, पण पेरणीला त्याच्याजवळ दमडी उरत नाही.

हे आकड्यांत पाहिले की नीट कळते. यवतमाळ जिल्ह्यातला पाच एकर सोयाबीन पेरणारा एक शेतकरी समजा. त्याने एक लाख दहा हजारांचे पीककर्ज घेतले. एरवी त्याला चाळीस क्विंटल माल होतो. यंदा फुलोऱ्यात पावसाने महिनाभर दडी मारली आणि काढणीला झोड दिली. चौदा क्विंटल हाती आले. साडेचार हजारांचा भाव धरला तर ६३ हजार रुपये. सोंगणी-मळणी जाऊन चाळीसेक हजार उरले, ते घरखर्चात गेले. मार्चमध्ये त्याने दरमहा शेकडा पाचाने एक लाख दहा हजार आणून नवं-जुनं केले. नवे कर्ज महिनाभराने मिळाले, तेवढ्यात साडेपाच हजार व्याज झाले. नवे कर्ज सावकाराकडे गेले. आता पेरणीला पुन्हा चाळीस हजार हवेत. ते त्याच दराने जूनमध्ये घेतले आणि नोव्हेंबरअखेर फेडले, तर सहा महिन्यांचे बारा हजार व्याज. एका वर्षात साडेसतरा हजार गेले आणि मूळ एक लाख दहा हजारांचे ओझे जिथल्या तिथे राहिले. पुढचे पीकही बेताचे आले, तर तारण म्हणून शेताचे खरेदीखत मागितले जाते.

याच परिस्थितीसाठी पीककर्जाच्या नियमांतच एक वाट ठेवलेली आहे: पुनर्गठन. नैसर्गिक आपत्तीबाबत रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना दिलेल्या निर्देशांनुसार सरकारने आपत्ती जाहीर केलेल्या भागात नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल, तर अल्पमुदतीचे पीककर्ज मध्यम मुदतीच्या कर्जात बदलता येते. नुकसान ५० टक्क्यांच्या आत असेल तर फेडीला दोन वर्षांपर्यंत आणि त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत देता येते. दोन्हींत पहिले वर्ष हप्ता नसतो. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे असे कर्ज थकीत धरले जात नाही आणि शेतकरी नव्या पीककर्जाला पात्र राहतो.

वरच्या शेतकऱ्याचे नुकसान ६५ टक्के आहे. त्याचे कर्ज पाच वर्षांवर गेले, तर पहिले वर्ष मोकळे आणि पुढे चार वर्षे साडेसत्तावीस हजारांचा हप्ता अधिक व्याज. व्याज फुकट नाही: पहिल्या वर्षी केंद्राची सवलत लागू राहते, दुसऱ्यापासून बँकेचा नेहमीचा दर लागतो. पहिले वर्ष सात टक्के आणि नंतर दहा टक्के धरले, तर पाच वर्षांत सुमारे ३५ हजार व्याज होईल. सावकाराला तेवढे दोन वर्षांत जाते, तेही मुद्दल न फिटता. शिवाय जूनमध्ये नवे पीककर्ज पूर्णच्या पूर्ण पेरणीला वापरता येते.

पुनर्गठन आपोआप होतेच असे नाही. महसूल खाते गावाची पैसेवारी काढते: निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग करून आलेल्या उत्पन्नाची प्रमाण उत्पन्नाशी तुलना होते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम पैसेवारी येते. ती ५० पैशांच्या आत आली तर गाव टंचाईग्रस्त यादीत जाते आणि सहकारी कर्जाचे पुनर्गठन व शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती या सवलती लागू होतात. म्हणून पैसेवारी जास्त लागल्याची शंका असेल, तर हरकत ऑक्टोबर-नोव्हेंबरातच तलाठी आणि तहसील कार्यालयात लेखी द्यायला हवी. मार्चमध्ये तिचा उपयोग नाही. यादी निघाल्यावर गटसचिवाकडे पुनर्गठनाचा संमती अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. अनेकदा सचिव वसुलीचा आकडा दाखवण्यासाठी नवं-जुनंच करा म्हणतो. ते एकदा केले की जुने कर्ज फिटलेले दिसते आणि पुनर्गठनाला काही उरतच नाही.

या व्यवस्थेतली मोठी उणीव अशी, की ती गाव मोजते, शेत मोजत नाही. गावाची पैसेवारी ५५ आली आणि एकाचेच शेत बुडाले, तर त्याला ही वाट बंद असते. अशा वेळी खाते थकू देणे हे व्याजी पैशाने नवं-जुनं करण्यापेक्षा पुष्कळदा कमी नुकसानीचे असते, कारण शून्य टक्क्यांची सवलत गेली तरी बँकेचा वार्षिक दर सावकाराच्या तीन महिन्यांच्या व्याजाहूनही कमी असतो. अल्प मुदतीच्या पिकांचे कर्ज दोन हंगाम थकल्यावरच अनुत्पादक ठरते, तोवर जमेल तसे भरत राहता येते. पेरणीची गरज महिलांच्या बचत गटातून किंवा बँकेत सोने तारण ठेवून भागवता येते. दोन्हींचा दर महिन्याला एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो.

आधीच सावकाराच्या कागदात अडकलेल्यांसाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला नऊ आणि विनातारण कर्जावर बारा टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही. सावकारीच्या व्यवहारात जमीन लिहून घेतली गेली असेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे कलम १८ खाली अर्ज करता येतो. उपनिबंधकाला पंधरा वर्षांपर्यंतचे जुने खरेदीखत तपासून ते अवैध ठरवण्याचा आणि जमीन परत देण्याचा अधिकार आहे. अर्जासोबत खरेदीखताची नक्कल, त्या काळातले पैशाच्या देवाणघेवाणीचे पुरावे आणि शेत प्रत्यक्ष कोण कसत आले हे दाखवणारे पीकपेऱ्याचे उतारे जोडावे लागतात. विक्री होऊनही ताबा मूळ मालकाकडेच राहिला असेल किंवा दाखवलेली किंमत बाजारभावाच्या मानाने फारच कमी असेल, तर तो व्यवहार खरेदी नसून तारण होता, हे सिद्ध करायला त्याचा आधार मिळतो.