बारा तासांची पाळी आणि मधला अर्धा तास

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, अनेक वॉर्डांत परिचारिकांच्या दिवसाला दोनच पाळ्या असतात. महाराष्ट्रातील अनेक सरकारी रुग्णालयांत सकाळ, दुपार, रात्र अशा तीन पाळ्या चालतात. तिथे मात्र दिवसपाळी सकाळी 7.30 ते रात्री 8 आणि रात्रपाळी संध्याकाळी 7.30 ते सकाळी 8 ही रचना रूढ आहे. पाळी बारा तासांची म्हटली तरी ती साडेबारा तासांची असते. दोन पाळ्या एकमेकींवर अर्धा तास चढतात आणि तेवढ्या वेळात रुग्णांची माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. साडेबारा तासांपैकी एक तास विश्रांतीचा, बिनपगारी. म्हणून पगारी तास साडेअकरा. पूर्णवेळ परिचारिकेचा आठवडा साडेसदतीस तासांचा, म्हणजे चार आठवड्यांचे 150 तास. तेरा पाळ्या केल्या की 149.5 तास भरतात. तीन आठवडे तीन-तीन पाळ्या आणि एका आठवड्यात चार, असा हिशेब त्यातून निघतो.

चोवीस खाटांचा एक वॉर्ड घेऊ. दिवसा चार परिचारिका, रात्री तीन. आठवड्याला दिवसाचे 322 आणि रात्रीचे 241.5, असे 563.5 पगारी तास भरायचे. साडेसदतीसने भागले की पंधरा परिचारिका पुरतील असे वाटते. पण वार्षिक रजा, आजारपण आणि प्रशिक्षण यांसाठी 22 टक्के जादा तास धरले, तर आकडा अठराच्या थोडा वर जातो. हे तास न धरता आखलेले वेळापत्रक कागदावर पूर्ण दिसते आणि पहिल्याच आजारपणात फाटते.

सकाळच्या हँडओव्हरमध्ये खरी गुंतागुंत आहे. रात्री प्रत्येकीकडे आठ रुग्ण, दिवसा सहा. त्यामुळे जोड्या जुळत नाहीत. दिवसाच्या दुसऱ्या परिचारिकेकडे 7 ते 12 या खाटा असतात. त्यांपैकी 7 आणि 8 ची माहिती रात्रीच्या पहिलीकडे, तर बाकी चारांची दुसरीकडे. एका रुग्णाला पावणेचार मिनिटे धरली तर रात्रीच्या प्रत्येकीचे आठ रुग्ण बरोबर तीस मिनिटांत संपतात, पण क्रम आधी ठरलेला असेल तरच. पहिलीने 1 ते 6 आधी सांगावेत आणि 7, 8 शेवटी. दुसरीने 9 ते 12 आधी, मग 13 ते 16. तिसरीने 17, 18 आधी आणि मग उरलेले सहा. ज्याला जशी जमेल तशी सुरुवात केली, तर एकाच वेळी दोघीजणी एकीसमोर थांबतात आणि पावणेचार मिनिटांचे गणित मोडते. सोपा उपाय म्हणजे संध्याकाळी रात्रीच्या खाटा वाटतानाच हा क्रम लिहून ठेवायचा.

विश्रांतीचा तास याहून नाजूक आहे. कायद्याने सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर किमान वीस मिनिटे द्यावीच लागतात. एनएचएसच्या लांब पाळीत सहसा अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन विश्रांती असतात. चौघींच्या मिळून अशा आठ विश्रांती होतात आणि त्या एकेक करूनच द्याव्या लागतात. दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाची औषधे टाळायची, तर पहिल्या चार 10 ते 12 आणि नंतरच्या चार 3.30 ते 5.30 या वेळांत बसतात. एकजण बाहेर असताना उरलेल्या तिघींकडे आठ-आठ रुग्ण येतात. इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दिवसा एका परिचारिकेकडे आठपेक्षा जास्त रुग्ण असले की हानीचा धोका वाढतो. म्हणजे विश्रांतीच्या चार तासांत वॉर्ड नेमका त्या रेषेवर असतो. पाचवी परिचारिका नसताना कुणाला रुग्णासोबत एक्स-रेला पाठवले, तर ती रेषा ओलांडली जाते. रात्री एकजण विश्रांतीला गेली की दोघीच उरतात, आणि वॉर्डात दोनपेक्षा कमी नोंदणीकृत परिचारिका असणे ही त्याच सूचनांतील धोक्याची खूण आहे.

विश्रांती खरोखर मिळाली का, हे विश्रांतीच्या नोंदवहीवरून कळत नाही, कारण तिथे सहीची सवय होऊन जाते. औषधांच्या आणि नाडी-रक्तदाबाच्या नोंदींवरील वेळा पाहाव्यात. विश्रांतीच्या अर्ध्या तासात त्याच परिचारिकेच्या नावावर नोंदी असतील, तर तिने तेवढा वेळ पगाराविना काम केले आहे.

सलग दोन दिवसपाळ्यांच्या मध्ये साडेअकरा तास मिळतात; कायदा अकरा तासांची सुटी मागतो. म्हणजे उशिराला जागा फक्त अर्ध्या तासाची. हँडओव्हर लांबून परिचारिका 8.40 ला निघाली, तर सकाळी 7.40 च्या आधी तिला बोलावता कामा नये. रुग्णालयांना या नियमात सवलत आहे, पण कमी पडलेली विश्रांती नंतर भरून देण्याच्या अटीवर. म्हणून वेळापत्रक आखणाऱ्या इन्चार्ज सिस्टरने ठरलेल्या वेळांसोबत महिनाभराच्या प्रत्यक्ष निघण्याच्या वेळाही पाहायला हव्यात. एकाच वॉर्डात त्या वारंवार साडेआठपुढे जात असतील, तर तिथे अर्ध्या तासाचा हँडओव्हर पुरत नाही. तो पाऊण तासाचा करून त्याचे पगारी तास मनुष्यबळाच्या हिशेबात धरावे लागतात, आणि सलग दिवसपाळ्यांतील विश्रांती सव्वाअकरा तासांवर येते हेही मान्य करावे लागते.