कौलासाठी पाटील उभा राहतो

शके 1552, कार्तिक महिना. इसवी सनाच्या हिशेबाने 1630 चा नोव्हेंबर. चांभारगोंदे परगण्याच्या कचेरीत, म्हणजे आजच्या श्रीगोंद्यात, मी ओसरीच्या खांबाला टेकून उभा आहे. कौल मागणारे पाटील जुन्या कागदांत जागोजाग भेटतात. त्यांच्यातल्याच एकाला मी इथे पाहतो आहे. त्याचं गाव आणि त्याचे आकडे माझे, काळ आणि रीत मात्र त्या कागदांची.

गादीवर निजामशाहीचा हवालदार बसला आहे. शेजारी परगण्याचा देशमुख, आणि समोर दप्तराचा रुमाल सोडून बसलेला देशपांडे. पाटील मुजरा करतो आणि उभाच राहतो. त्याच्या मागे गावचा कुलकर्णी आहे, आणि अंगणात पंधरा-वीस कुणबी उन्हात बसले आहेत. त्यांना आत बोलावलेलं नाही. पण पाटील बोलतो ते त्यांना ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

"साहेब, मिरगात दोन सरी आल्या. तेवढ्या भरवशावर माळाच्या हलक्या रानात बाजरी पेरली. पुढं आर्द्रा कोरडी, पुष्य कोरडा. बाजरी पोटरीत येण्याआधीच करपली. म्हटलं, आपला मुलूख शाळवाचा. खरीप गेलं तर गेलं, उत्तरा-हस्ताच्या पावसावर काळी पेरू. हस्तही गेला. स्वातीपर्यंत वाट पाहिली. पाभर अजून आढ्याला टांगलेली आहे."

हवालदार म्हणतो, "दर साली कोणी ना कोणी हेच सांगतं."

पाटील काठी पुढे करतो. तिच्या खालच्या टोकाला कोपरभर उंचीपर्यंत काळ्या मातीची कोरडी भुकटी चिकटली आहे. "काळीत भेगा उन्हाळ्यात पडतात आणि पावसाळ्यात बुजतात. आज कार्तिक चालू आहे, साहेब, आणि काठी भेगेत एवढी आत जाते. आपला कारकून पाठवा. पाटील खोटं बोलेल, कुलकर्णी खोटं लिहील, पण भेग कशी खोटी पाडायची?"

कारकून काठी हातात घेतो, माती बोटांत चोळतो. तिचा गोळा होत नाही. पीठ होऊन ती खाली पडते. काळ्या रानाची ही परीक्षा गावकऱ्यांइतकीच कचेरीलाही ठाऊक आहे. ओल खाली उतरली नसेल, तर वर टाकलेलं बी उगवत नाही.

देशपांडे कागदावर बोट ठेवतो. गावचा तनखा दोनशे होन. मलिक अंबराच्या वेळी बांधलेला. अंबर वारून चार वर्षं झाली, पण दप्तरात त्याचाच हिशेब चालतो, आणि पाटील नेमका तोच धागा पकडतो.

"मलिकसाहेबांनी धारा बांधला तो पीक पाहून बांधला. आधी धान्यातला वाटा घेतला, मग त्याची रोकड ठरवली. पण सालोसाल किती रान लागवडीला आलं ते पाहूनच वसूल मागितला. चाळीस औतं चालत होती तेव्हाचे हे दोनशे होन. आज चौदा औतांचे बैल गेले, काही चाऱ्यावाचून मेले, काही धन्यानं पोटासाठी विकले. उरली सव्वीस. सव्वीस औतांच्या न पेरलेल्या रानावर चाळीस औतांचा धारा कसा बसतो, ते मला समजावा."

हवालदार आता सावरून बसतो. "आणि विहिरी? मोटेखालचं रान नाही तुमच्या गावात?"

ओसरीवर शांतता पसरते. अशा ठिकाणी पुष्कळांची गाडी अडते. भिजतं रान पडीक दाखवायचं ही जुनी चोरी आहे, आणि ती एकदा उघडकीला आली की खऱ्या दुःखावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

"आहेत," पाटील म्हणतो. "सहा विहिरी. चार आटल्या. दोहोंना निम्मा दिवस मोट चालते. त्यांच्या रानाचा धारा साहेबांनी जरूर घ्यावा, मी जामीन राहतो."

देशमुख मान हलवतो. या एका कबुलीने बाकीच्या सगळ्या बोलण्याला वजन येतं. आता पाटील मागणं मांडतो.

"साहेब, सक्तीनं वसूल केलात तर सव्वीस औतांचे बैल विकून साठेक होन हाती लागतील. दुष्काळात बैलाला मोल कोण देतो? मग पुढच्या मिरगाला पाऊस आला तरी नांगर ओढायला काही नाही. रयत परागंदा होईल. भीमेपलीकडं आदिलशाहीत गेली तर तिथला अंमलदार तिला दारात उभं करून कौल देईल, कारण त्याच्याकडं रान मोप आहे आणि माणूस कमी. माझं वतन इथं आहे, मी जाणार नाही. पण ओसाड गावच्या पाटलाकडून साहेबांना काय मिळायचं?

"म्हणून म्हणतो, दोन विहिरींचं सोडून या साली माफी द्या. पुढच्या साली पन्नास होन, तिसऱ्या साली शंभर, चौथ्या साली दीडशे, पाचव्या साली पुरते दोनशे. असा इस्तावा बांधून द्या. बी आणि बैलांसाठी वीस होन तगाई द्या, ती तिसऱ्या सालापासून फेडू. पाच सालांत पाचशे होन सरकारात येतात. नाहीतर आजचे साठ, आणि मग पडीक."

एवढ्या बोलण्यात त्याने दया हा शब्द एकदाही काढलेला नाही. भुकेने मेलेल्यांची नावं त्याने घेतली नाहीत, कारण अंगणातली माणसंच ती आठवण देत बसली आहेत. तो बोलतो आहे वसुलीची भाषा, कारण समोरच्याला वर जाब द्यायचा आहे तो त्याच भाषेत. माणसाला रोखून धरणं हीच त्या काळात राज्याची खरी चिंता आहे, हे त्याने ओळखलं आहे.

हवालदार देशमुखाकडे पाहतो, मग देशपांड्याला खूण करतो. सबंध सूट आपल्या हातात नाही, ती हुजुरून यावी लागेल, असं तो स्पष्ट सांगतो. तोवर वसुलीची माणसं गावात जाणार नाहीत, आणि पाहणीनंतर इस्ताव्याचा कौल लिहून मिळेल. देशपांडे बोरू दौतीत बुडवून मसुदा लिहायला घेतो. सालाच्या जागी तो सुहूर सन घालतो, इहिदे सलासीन अलफ. जामिनकीच्या कागदावर पाटील सही म्हणून नांगर काढतो. फाळाची रेघ त्याच्या हातून जरा लांब ओढली जाते.

हा कौल किती टिकेल? त्याची ताकद निजामशाहीच्या अमलापुरती आहे, आणि तो अंमलच डळमळतो आहे. शहाजहान बादशहा मार्चपासून बऱ्हाणपुरात तळ देऊन आहे, त्याच्या फौजा बालाघाटात उतरल्या आहेत. घोड्यांना वैरण हवी असलेला स्वार कौल वाचत बसत नाही. पुढच्या साली दुष्काळ आणखी पसरेल. बादशहाचा इतिहासकार लाहोरी लिहितो की भाकरीसाठी जीव विकायला काढला तरी घेणारा नव्हता. बादशहा बऱ्हाणपुरात लंगर उघडेल, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटेल, साऱ्याचा सुमारे अकरावा हिस्सा माफही करेल. पण एका सालची माफी पोट भरते, औत परत आणत नाही. औत परत येतं ते चढत्या धाऱ्याच्या लेखी हमीवर. पुढे काही वर्षांनी उजाड झालेल्या पुणे परगण्यात दादोजी कोंडदेवांनी लोक वसवले ते असेच कौल आणि इस्तावे देऊन. चांभारगोंद्याच्या ओसरीवर हा पाटील जे मागतो आहे, ते हेच.