एकाच मशीनचे दोन घसारे

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत दोघांच्या भागीदारीत चालणारे एक छोटे मशीन शॉप डोळ्यासमोर आणू. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर जॉबवर्क करायचे, हा त्यांचा धंदा. काम वाढले म्हणून त्यांनी एप्रिल महिन्यात एक जुने पण चांगले चालणारे व्हीएमसी मशीन २० लाख रुपयांना घेतले आणि लगेच कामाला लावले. सोपे जावे म्हणून या पेढीकडे दुसरे मोठे मशीन नाही आणि कर्जही नाही, असे धरू. भागीदारांचा पगार आणि व्याज वजा केल्यावर, पण घसारा वजा करण्याआधी, पेढीला दरवर्षी १२ लाख रुपये उरतात.

मशीन १० वर्षे चालेल आणि शेवटी त्याचे २ लाख येतील, असा भागीदारांचा अंदाज आहे. म्हणजे १८ लाखांची झीज १० वर्षांत वाटायची. स्थिर हप्ता पद्धतीने, म्हणजे सरळ रेषेत, दरवर्षी १,८०,००० रुपये घसारा लागतो आणि पुस्तकी नफा दहाही वर्षे १०,२०,००० रुपये दिसतो.

आयकर खाते मात्र मशीन किती वर्षे चालेल हे विचारतच नाही. साधारण यंत्रसामग्रीला दर १५ टक्के, आणि तोही मूळ किमतीवर नव्हे, तर मागच्या वर्षअखेर उरलेल्या किमतीवर. ही घटत्या शिलकीची पद्धत. वीजनिर्मिती करणाऱ्या उद्योगांना सरळ रेषेची मुभा आहे, पण आपल्या मशीन शॉपला ती नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी नवा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण घसाऱ्याची ही चौकट कायम राहिली.

आता आकडे मांडू. पहिल्या वर्षी २० लाखांचे १५ टक्के, म्हणजे ३,००,००० रुपये. दुसऱ्या वर्षी उरलेल्या १७ लाखांवर २,५५,०००. तिसऱ्या वर्षी २,१६,७५०. चौथ्या वर्षी १,८४,२३८. पाचव्या वर्षी १,५६,६०२, आणि इथे पहिल्यांदा आयकराचा घसारा पुस्तकातल्या १,८०,००० च्या खाली जातो. दहाव्या वर्षी तो जेमतेम ६९,४८५ रुपये राहतो.

भागीदारी पेढीला पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के. त्यामुळे हिशेब स्वच्छ दिसतो. पहिल्या वर्षी करपात्र नफा १२ लाख वजा ३ लाख, म्हणजे ९ लाख, आणि कर २,८०,८०० रुपये. सरळ रेषेचा घसारा आयकराला चालला असता, तर नफा १०,२०,००० आणि कर ३,१८,२४० झाला असता. एका वर्षात ३७,४४० रुपये पेढीच्या बँक खात्यात राहिले. पहिल्या चार वर्षांत मिळून अशी ७३,६०० रुपयांच्या आसपास रक्कम साठते.

पण ही रक्कम बचत नाही. तो पुढे ढकललेला कर आहे. पाचव्या वर्षापासून उलटे सुरू होते. दहाव्या वर्षी करपात्र नफा ११,३०,५१५ रुपये आणि कर सुमारे ३,५२,७०० रुपये, म्हणजे सरळ रेषेपेक्षा ३४,५०० रुपयांनी जास्त. दरवर्षीची बेरीज-वजाबाकी मांडत गेलो, तर आठव्या वर्षअखेरपर्यंत पेढी किंचित पुढेच असते. नवव्या वर्षी ती मागे पडते. आठ वर्षे सरकारचा पैसा बिनव्याजी वापरायला मिळणे ही खरी सोय आहे, आणि छोट्या पेढीला खेळत्या भांडवलाची किती ओढ असते हे ज्याला माहीत आहे, तो तिला कमी लेखणार नाही. पण चार वर्षे कमी कर भरून झाल्यावर तेवढ्याच कराची सवय लागते आणि पुढचे आगाऊ कराचे हप्ते टोचू लागतात.

मशीन पाच वर्षांच्या कर्जावर घेतले असेल, तर हे टोचणे आणखी वाढते. कर्जाचे व्याज सुरुवातीला सर्वांत जास्त असते आणि पुढे उतरत जाते. घसाराही तसाच उतरतो. सुरुवातीची वर्षे करपात्र नफा दोन्हींमुळे दबलेला असतो. पाचव्या वर्षानंतर व्याज संपते, घसारा निम्म्यावर आलेला असतो, आणि धंदा तेवढाच असूनही करपात्र नफा उसळी मारतो. मालकाला वाटते, सीएंनी काहीतरी चुकवले. चुकलेले काहीच नसते. फक्त हा उतार पहिल्याच वर्षी कागदावर मांडून कोणी दाखवलेला नसतो. माझ्या मते मशीन घेतानाच दहा वर्षांचा हा तक्ता मालकाच्या हातात दिला पाहिजे. तो बनवायला अर्धा तासही लागत नाही.

बऱ्याच पेढ्या दोन तक्ते ठेवण्याचा त्रास नको म्हणून पुस्तकातही आयकराचेच दर लावतात. पुस्तकात कोणतीही पद्धत वापरली, तरी करात एका रुपयाचाही फरक पडत नाही, कारण कर काढताना पुस्तकातला घसारा नफ्यात परत मिळवून आयकराचा घसारा वजा केला जातो. मग पुस्तकात सरळ रेषा कशासाठी? याचे उत्तर भागीदार वेगळे होतात तेव्हा मिळते. पाचव्या वर्षअखेर एक भागीदार बाहेर पडला आणि ताळेबंदातल्या किमतीवर हिशेब करायचे ठरले, तर सरळ रेषेने मशीन ११ लाखांचे दिसते आणि घटत्या शिलकीने ८,८७,४११ रुपयांचे. दोन लाखांहून जास्त फरक, आणि त्यातला जाणाऱ्याचा वाटा थेट त्याच्या खिशातला. मशीन वर्षभर सारख्याच पाळ्यांत चालत असेल, तर पुस्तकात सरळ रेषा ठेवणे मला जास्त न्यायाचे वाटते. दोन तक्त्यांचा त्रास मग सोसावा.

दिवाळीशी थेट संबंध असलेला एक नियम इथेच सांगायला हवा. ज्या आर्थिक वर्षात मशीन घेतले, त्या वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल, तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजत आलो, तर साधारण वर्षात ३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख येते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी सुरू झालेले मशीन पूर्ण दरात बसले. पाडव्याच्या मुहूर्तावर सुरू झालेले मशीन मात्र कधीच बसत नाही, कारण बलिप्रतिपदा ३ ऑक्टोबरच्या आत येतच नाही. आपले २० लाखांचे मशीन पाडव्याला सुरू झाले असते, तर पहिल्या वर्षीचा घसारा ३ लाखांऐवजी दीड लाख झाला असता आणि त्या वर्षीचा कर ४६,८०० रुपयांनी वाढला असता. हा दीड लाख बुडत नाही. पुढच्या वर्षी शिल्लक १८,५०,००० रुपयांपासून सुरू होते आणि घसारा २,५५,००० ऐवजी २,७७,५०० मिळतो. पण उरलेली भरपाई पुढची अनेक वर्षे थोडीथोडी होत राहते.

इथे बिलाची तारीख पुरेशी नसते. मशीन प्रत्यक्ष वापरात आले पाहिजे. सप्टेंबरचे बिल आहे, पण पाया भरून जोडणी व्हायला नोव्हेंबर उजाडला, तर घसारा निम्माच. म्हणून जोडणीचा अहवाल, पहिल्या जॉबचे चलन, त्या महिन्याचे वीजबिल हे कागद घसाऱ्याच्या फायलीत लावून ठेवावेत. तपासणीत नेमके हेच मागितले जाते.

जुन्या मशीनच्या बाबतीत आणखी एक काटा आहे. एखाद्या मालमत्तेसाठी एकाच व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम आयकराच्या दृष्टीने मशीनच्या किमतीत धरली जात नाही. जुन्या मशीनच्या बाजारात ‘थोडे रोख, थोडे चेक’ अशी बोलणी सर्रास होतात. २० लाखांपैकी ५ लाख रोख दिले, तर घसारा १५ लाखांवरच मिळणार. त्या ५ लाखांवर कधीच नाही. तसेच जीएसटीची वजावट घेतली असेल, तर तेवढी रक्कम किमतीत मिळवता येत नाही. वाहतूक आणि पायाचा खर्च मात्र किमतीत धरायचा असतो आणि तो हमखास विसरला जातो. कारखानदाराने नवे मशीन घेतले, तर पहिल्या वर्षी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळू शकतो. जुन्याला तो नाही.

‘यंदा नफा कमी आहे, घसारा पुढच्या वर्षी घेऊ’ असेही मालक म्हणतात. ते चालत नाही. मागितला नाही तरी तो दिल्याचे धरूनच शिल्लक कमी केली जाते. नफा अपुरा पडला, तर न जिरलेला घसारा पुढे नेता येतो आणि त्याला वर्षांची मर्यादा नाही. धंद्याच्या इतर तोट्याला मात्र आठ वर्षांची आहे.

आता मशीनचा शेवट. दहा वर्षांनी आयकराच्या तक्त्यात त्याची किंमत ३,९३,७४९ रुपये उरते. पुस्तकात ती २ लाख आहे आणि मशीन २ लाखांनाच विकले गेले, म्हणजे पुस्तकात नफा नाही, तोटा नाही. आयकराकडे मात्र १,९३,७४९ रुपये वजा व्हायचे बाकी आहेत. घटती शिल्लक शून्यावर कधीच येत नाही. दरवर्षी उरलेल्याचाच सातवा हिस्सा जवळपास जातो आणि बाकी उरतेच.

या शिल्लकीचे काय होते, ते पेढीकडे त्याच १५ टक्क्यांच्या गटात दुसरे काही आहे का यावर ठरते. आयकर एकेका मशीनचा हिशेब ठेवत नाही. एकाच दराची सगळी यंत्रे मिळून एक ब्लॉक होतो, नवी खरेदी त्यात मिळवली जाते आणि विक्रीची रक्कम त्यातून वजा होते. ब्लॉकमध्ये साधे ड्रिलिंग मशीन जरी शिल्लक असेल, तरी ते १,९३,७४९ रुपये तिथेच राहतात आणि त्यावर दरवर्षी १५ टक्के घसारा मिळत राहतो. पण विकलेले मशीन ब्लॉकमधले शेवटचे असेल, तर ब्लॉक रिकामा होतो आणि उरलेली रक्कम अल्पकालीन भांडवली तोटा ठरते. हा तोटा जॉबवर्कच्या नफ्यातून वजा होत नाही. तो फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो आणि आठ वर्षांत तसा नफा झाला नाही, तर वाया जातो. शिरोलीच्या मशीन शॉपला जमीन किंवा शेअर विकायचे नसतील, तर सुमारे ६०,००० रुपयांची करवजावट अशी हातची जाते. म्हणून जुने मशीन विकून नवे घ्यायचे असेल, तर दोन्ही व्यवहार ३१ मार्चच्या एकाच बाजूला बसवावेत. नवे मशीन त्याच आर्थिक वर्षात घेतलेले असले, की वर्षअखेर ब्लॉक रिकामा राहत नाही.